रिलीज पुढे ढकलावा म्हणून लिहिलेला मेल

मी चुका काढते. पोटापाण्याचा उद्योगच आहे तो माझा. पुण्यातली एक कंपनी सॉफ्टवेअर बनवते आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी त्यात काय काय बिघडलंय ते शोधणारी जी टीम असते, तिची मी लीड. लॉकडाऊनमध्ये केजला घरी आले ती परत गेलेच नाही. कंपनीनंही फार ताणून धरलं नाही. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझं काम आजवर नीट कळलेलं नाही. कुणी विचारलं तर ते सांगतात, "दुसऱ्यानं मांडल्यालं मोडून बघायचं. बस, त्येच काम." मी चिडते, पण व्याख्या म्हणून ती काही वाईट नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दवाखान्याचं काम आलं होतं. आमच्याच जिल्ह्यातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव घेत नाही, घेण्यात अर्थ नाही. पेशंटची सगळी माहिती कागदावरून कॉम्प्युटरवर आणायची, प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं आणि नर्सच्या हातात एक टॅब. कार्ड लावलं की पेशंटचा आजार, आधीची औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते सगळं समोर. मी उड्या मारल्या होत्या. इतकी वर्षं कुठल्या कुठल्या परदेशी दुकानांची सॉफ्टवेअर तपासली, पहिल्यांदाच आपल्या माणसांच्या उपयोगाचं काहीतरी हातात आलं होतं. आणि मी गावभर सांगून ठेवलं होतं. हेच नडलं पुढं.

आता थोडं कंटाळवाणं सांगते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सॉफ्टवेअर तपासताना खऱ्या पेशंटची माहिती वापरायची नसते. ती झाकून, नावं आणि जन्मतारखा बदलून आम्हाला देतात. म्हणजे आमच्याकडचे पेशंट सगळे खोटे. पेशंट शंभर, पेशंट एकशे एक, आणि जन्मतारखा यंत्रानं कशाही टाकलेल्या, कुणी मार्चातला, कुणी ऑक्टोबरातला. त्या खोट्या माणसांवर आम्ही तीन महिने टेस्टिंग केलं आणि सगळं बरं चाललं. मी स्वतः सही केली त्या रिपोर्टवर.

मग रिलीजच्या, म्हणजे हे सगळं हॉस्पिटलात खरोखर चालू व्हायच्या, आदल्या आठवड्यात, बुधवारी, हॉस्पिटलच्या लोकांनी स्वतः वापरून बघायचा दिवस होता. मी जीपनं गेले. रेकॉर्ड रूममध्ये एक वयस्कर गृहस्थ होते, रिटायर व्हायला टेकलेले. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मामांना खोटे पेशंट मान्यच नव्हते.

"पेशंट एकशे एक? ह्ये काय नाव झालं व्हय ताई? जेलात हाय का त्यो?" म्हणाले, आणि सरळ जुनं रजिस्टर उघडून खरी माणसं टाकायला लागले. एका बोटानं. मी म्हटलं टाका. प्रॅक्टिसची जागा आहे, संध्याकाळी पुसून टाकू.

पंधरा माणसं टाकली त्यांनी. मग चष्मा वर करून म्हणाले, "ताई, ह्याच्यात बाराच दिसायलेत. माझंच कायतर चुकलं आसंल."

मला आधी तसंच वाटलं. आपल्याकडं काही बिघडलं की माणूस आधी स्वतःलाच धरतो. पण मी परत मोजलं, रजिस्टर ताडून बघितलं. मामांचं काही चुकलं नव्हतं. तीन म्हातारे दुसऱ्या तीन म्हाताऱ्यांत जाऊन बसले होते.

कारण कळायला मला दहा मिनिटं लागली आणि पुण्यात आजही काही जणांना कळलेलं नाही. आमच्या भागात त्या पिढीच्या माणसांचा जन्म कधी झाला हे कुणाला माहीत? पोरगं शाळेत आणून उभं केलं की गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे एक जून. शाळा जूनला सुरू होते, वय बरोबर बसतं, विषय संपला. तीच तारीख पुढं दाखल्यावर, रेशनकार्डावर, आधारवर. आमच्या गल्लीत एक जूनला केक कापायचा ठरवला तर बेकरीवाला पुरा पडणार नाही.

सॉफ्टवेअरला हे कुणी सांगितलं नव्हतं. एकच माणूस दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून त्यात एक सोय केलेली होती: नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर जुळला की दोन्ही नोंदी आपोआप एक करायच्या. मोबाईल नसला तर गाव जुळलं तरी पुरे. वडिलांचं नाव बघायचंच नाही. मूळ सॉफ्टवेअर परदेशातून घेतलेलं, ते जिथं बनलं तिथं माणसं मधलं नाव लावत नसावीत. आमच्याकडं एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरं, नावं त्याच चार देवांची, सगळे एक जूनचे. माणसाला माणसापासून वेगळं करतं ते फक्त बापाचं नाव, आणि तेच त्यांनी सोडून दिलेलं.

मी मामांना उठवून त्यांच्या खुर्चीत बसले आणि माझ्याच घरची माणसं टाकली.

अप्पा आणि माझे चुलत काका यांचं नाव एकच आहे. त्यांचे आजोबा गेले त्याच वर्षी दोन्ही घरांत पोरं झाली, आणि म्हाताऱ्याचं नाव आमच्याच पोराला ठेवणार म्हणून दोन्ही घरं अडून बसली. कुणीच माघार घेतली नाही, म्हणून दोघांना ठेवलं. दोघांना एकाच दिवशी, एकाच गुरुजींनी शाळेत घातलं. गावात त्यांना मोठे आणि धाकटे म्हणतात, कारण काका चार बोटं उंच आहेत. काकांना स्वतःचा मोबाईल वापरता येत नाही, कुठंही नंबर मागितला की माझा देतात. अप्पाही माझाच देतात.

मी काकांना टाकलं. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात लिहिलं की पेनिसिलिनचं इंजेक्शन चालत नाही. काही वर्षांपूर्वी ते घेतल्यावर काकांचं तोंड सुजून घसा आवळला होता, तेव्हा याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कागदावर लाल शाईनं लिहून दिलं होतं, हे इंजेक्शन जन्मात परत घ्यायचं नाही. मग मी अप्पांना टाकलं. अप्पांना अ‍ॅलर्जी कशाचीच नाही, रकाना रिकामा ठेवला. सेव्ह केलं. हिरवी टिक आली. उघडून बघते तर माणूस एकच, आणि अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा. नंतरची नोंद रिकामी असली तरी आधीच्या भरलेल्या नोंदीवर बसत होती. वेगळे करायचं बटण शोधलं. बटणच नव्हतं. एकदा एक झाले की एकच.

मामा मागून बघत होते. म्हणाले, "आन् ह्ये सोमवारी चालू व्हणार?"

घरी आले ती जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट होती तोवर मेल लिहायला बसले.

असा मेल लिहायची एक पद्धत असते. आरडाओरडा करायचा नसतो. कुणाला दोष द्यायचा नसतो. काय सापडलं, ते कसं पुन्हा करून दाखवता येतं, त्यामुळं कुणाचं काय बिघडेल, आपल्यापुढं रस्ते कोणते आणि माझी शिफारस काय, एवढंच. विषयाच्या ओळीत सरळ लिहिलं, सोमवारचा रिलीज पुढे ढकलण्याची शिफारस, तीन क्रिटिकल दोष. मेल इंग्रजीत होता, पण मी तो मराठीतच रचत होते मनात. पहिला दोष, वेगवेगळ्या रुग्णांच्या नोंदी आपोआप एक होतात. दुसरा, एक होताना अ‍ॅलर्जी पुसली जाते. तिसरा, एक झालेल्या नोंदी हॉस्पिटलला परत वेगळ्या करता येत नाहीत. खाली मामांच्या पंधरा माणसांचे स्क्रीनशॉट, नावं झाकून. आमच्या तपासणीत हे का सुटलं तेही लिहिलं. खोट्या तारखांमुळं सुटलं, ही आमची चूक आहे, असं स्पष्ट लिहिलं. रस्ते दोन. दोन आठवडे थांबायचं, दुरुस्ती करायची, सगळं पहिल्यापासून परत तपासायचं. नाहीतर आहे तसं सोडायचं आणि नर्सनं प्रत्येक पेशंटची स्वतः खातरजमा करायची. नोंदी एक करायची सोय नुसती बंद करता येईल का, हे मी डेव्हलपरला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला नाही, हॉस्पिटलच्या दोन जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती तिच्याच जोरावर जोडून आणलीय, ती काढली की सगळंच सुटं होईल.

मग मी हे वाक्य लिहिलं: या दोषामुळे रुग्णाला चालत नसलेलं औषध दिलं जाऊ शकतं आणि त्यात त्याचा जीव जाऊ शकतो.

पाठवायच्या आधी मॅनेजरला दाखवायचा शिरस्ता आहे. पुण्याचा आहे, माणूस वाईट नाही. पाच मिनिटांत फोन आला.

"हे बघ, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण जीव जाऊ शकतो असं लिहिलंस तर क्लायंट घाबरून कॉन्ट्रॅक्टच रद्द करेल. मग दुरुस्तीही नाही आणि काहीच नाही. जरा प्रोफेशनल भाषेत लिही."

"जीव जाणं प्रोफेशनल भाषेत काय म्हणतात?" मी विचारलं. डोक्यात तिडीकच गेली होती.

तो हसला आणि त्यानं वाक्य बदलून पाठवलं. काही अपवादात्मक प्रसंगी रुग्णाच्या माहितीत विसंगती संभवते. मी ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यात माणूसही नव्हता. पण मला वाटलं, बाकीचा मेल तर तसाच आहे, स्क्रीनशॉट आहेत, तीन वेळा क्रिटिकल लिहिलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल. शिवाय त्याचंही खरं असेल, घाबरवून काम बिघडायचं. असं काय काय स्वतःला सांगितलं आणि पाठवा दाबलं. ते वाक्य मी जाऊ द्यायला नको होतं. आज लिहितानाही लाज वाटते, सरळ लाज वाटते.

मेल अकरा जणांना गेला. आमच्याकडचे पुण्या-मुंबईचे सहा, हॉस्पिटलचे पाच. तासाभरात उत्तरं यायला लागली. धन्यवाद, तपशीलवार मेल. नोंद घेतली. छान कॅच. एकानं नुसता अंगठा पाठवला. शुक्रवारी दुपारी रिलीज करायचा की नाही ते ठरवायची मीटिंग बोलावली.

ती मीटिंग मी मोबाईलच्या नेटवर केली, कारण ऐन वेळी लाईट गेली आणि इन्व्हर्टरनं अंग टाकलं. पडद्यावर चौकटीत सगळे. मी मेल वाचून दाखवला. मग अप्पा आणि काका सांगितले, नावं न घेता. दोन माणसं, एक नाव, एक तारीख, एक मोबाईल. कुणीतरी म्हणालं, "इंटरेस्टिंग." एवढी चीड आली मला त्या शब्दाची!

डेव्हलपमेंटचा हेड म्हणाला, "पण ही तुझी केस अगदीच रेअर आहे ना? एकच नाव, एकच तारीख, नंबरही एकच?"

"आमच्याकडं रेअर नाही," मी म्हटलं. "आमच्याकडं गल्लीत आहे."

तेवढ्यात ट्रस्टचे सेक्रेटरी बोलले. ते मुळात कॅमेऱ्यात दिसतच नव्हते, नुसतं छताचा पंखा दिसत होता. "ताई, तुमचं म्हणणं रास्त हाय. पण सोमवारी साहेब येणारेत उद्घाटनाला. मांडव पडलाय, पत्रिका वाटून झाल्यात. आन् तुमी म्हणताय दोन हप्ते. दोन हप्त्यात आचारसंहिता लागंल. मग उद्घाटन कवा करायचं, निवडणूक झाल्यावर?"

टेस्टिंगच्या कुठल्याच पुस्तकात आचारसंहितेचा धडा नाही. मी म्हटलं, "उद्घाटन करा की. फीत कापा. फक्त चालू नका करू."

"आन् साहेबांनी बटण दाबल्यावर काय दाखवायचं? रिकामा टीव्ही?"

दोन-तीन जण हसले. मग नर्सच्या प्रमुख, मेट्रन बोलल्या, तेवढ्या एकट्याच बोलल्या कामाचं. "मला एवढंच सांगा, आमच्या मुलींनी टॅबवर दिसतंय ते खरं धरायचं का नाही?"

मग मॅनेजर म्हणाला, "खरं धरायचं, पण खातरजमा करून." आणि ती खातरजमा कशी, ते तिथंच ठरलं. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्सनं पेशंटला नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर विचारायचा. जुळलं तरच द्यायचं.

मी अक्षरशः ओरडले. "अहो, तेच तर जुळणार आहे! म्हणून तर दोन माणसं एक झालीत. वडिलांचं नाव विचारा!"

"वडिलांचं नाव स्क्रीनवर दिसत नाही या व्हर्जनमध्ये," प्रॉडक्ट बघणाऱ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या दुरुस्तीत घेऊ. दहा-बारा दिवसांत येईलच."

आणि माझं नेट गेलं. परत लागेपर्यंत ठरलं होतं. रिलीज सोमवारी. तिन्ही दोष माहीत असलेल्या अडचणींच्या यादीत. मीटिंगच्या टिपणात माझ्यासाठी एक ओळ, टेस्टिंग टीमनं जोखीम नोंदवली आहे. आमच्या धंद्यात असंच असतं, आम्ही नको म्हणायचं आणि दुसऱ्यांनी ठरवायचं. मॅनेजरनं वेगळा फोन करून सांगितलं, "तू तुझं काम चोख केलंस. आता हे बाहेर कुठं बोलू नकोस हं. हॉस्पिटलचं नाव खराब व्हायला नको."

अप्पा खाटेवर बसून ऐकत होते. "तू सांगितलंस ना? मग झालं. तुज्या हातात काय हाय?"

खरंच, माझ्या हातात काय होतं? मी त्या वाक्याला धरून दोन दिवस काढले.

रविवारी काकांकडं गेले. सांगायलाच गेले होते, शपथेवर सांगते. मनात सगळं जुळवून गेले होते की काका, त्या दवाखान्यात गेलात तर तुमच्या इंजेक्शनचं तोंडानं सांगा, कार्डावर विसंबू नका. पण काकांनी मला बघताच शेजाऱ्याला हाक मारून बोलावून घेतलं, "ये बे, बघ, हीच ती. उद्या साहेब जे बटण दाबणारेत ना, ते हिनं बनवलंय." मी म्हटलं बनवलं नाही काका, तपासलं. ते म्हणाले तेच की. शेजारी बसून राहिला. काकूनं पोहे केले. मी फक्त विचारलं, "काकू, तो लाल शाईचा कागद आहे ना जपून?"

"हाय की पेटीत. आता कशाला लागतोय त्यो? कॉम्प्युटरात गेलं ना समदं?"

मी पोहे खाल्ले. शेजारी बसलाय, आता बोललं तर उद्या गावभर होईल, कंपनीला कळेल, नोकरी जाईल, आणि काकांना काय रोज इंजेक्शन लागतं का, दहा दिवसांचा तर प्रश्न. असं सगळं त्या एका बशीभर पोह्यांत माझ्या मनात येऊन गेलं. मूग गिळून घरी आले.

उद्घाटन झोकात झालं. काकांनी फेटा बांधला होता.

त्यानंतर आठ दिवसही झाले नसतील. काकांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो पिकला, पाय सुजला, ताप आला. काकू त्यांना घेऊन त्याच हॉस्पिटलला गेली. मला कुणी सांगितलं नाही, एवढ्याशा काट्याचं काय सांगायचं. पुढचं मला काकूकडून कळलं. नर्स पोरगी भली होती. तिनं नेमून दिलेलं सगळं विचारलं. नाव? जुळलं. जन्मतारीख? एक जून. मोबाईल? काकूच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहिलेला माझा नंबर. तोही जुळला. टॅबवर दिसत होतं की अ‍ॅलर्जी काही नाही, आणि हेच इंजेक्शन मागं तीनदा घेतलंय, काही त्रास नाही. ते अप्पांनी घेतलेलं होतं, याच हॉस्पिटलात, न्यूमोनियात. एरवी हे इंजेक्शन द्यायच्या आधी थोडंसं टोचून बघतात. तीनदा घेतलेल्या माणसाला कशाला टोचून बघायचं, म्हणून त्या पोरीनं ते केलं नाही. तरी तिनं विचारलं होतं, "बाबा, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

काका म्हणाले, "आगं, तुज्या त्या पाटीवर हाय की समदं. आमच्या पुतणीनं बसवलंय."

इंजेक्शन दिलं आणि काकांचा श्वास कोंडला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते म्हणून काका वाचले. लगेच उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि गाडीत घालून अंबाजोगाईला हलवलं. अप्पांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरमधलं एक बटण दोन रेघा खाली आलंय म्हणून कुणालातरी झापत होते. जीपमध्ये पूर्ण वाट मी नुसतं जप केल्यासारखं म्हणत होते, नको, नको, नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले धोका टळला. काका डोळे उघडत होते, घोगरं बोलत होते. त्याच दुपारी कंपनीनं घाईघाईनं मीटिंग लावली, काय घडलं आणि का घडलं ते शोधायला. मी वॉर्डाच्या बाहेर, बाकड्याच्या कोपऱ्यात कानाला फोन लावून उभी. मॅनेजरनं माझा मेल सगळ्यांना वाचून दाखवला, तारीखवेळेसकट. काही अपवादात्मक प्रसंगी रुग्णाच्या माहितीत विसंगती संभवते. कुणीतरी वरचा माणूस म्हणाला, टेस्टिंग टीमनं वेळेत कळवलं होतं, उत्तम. मला उत्तम म्हणाला! तो पेशंट माझा काका आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय, आणखी एकदा इंटरेस्टिंग म्हणाले असते. कॉल संपल्यावर मॅनेजरचा मेसेज आला, बरं झालं तू तो मेल पाठवलास, आपण सेफ आहोत. मी फोन भिंतीवर आपटणार होते. आपटला नाही, त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांची नावं होती.

आत गेले. काकांना झोप लागली होती. काकू शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत बसली होती. ती बाई म्हणत होती, असली यंत्रं काय खरी नाहीत, दवाखान्यालाच माहीत असंल बिघाड हाय म्हणून.

"न्हाई गं बाई," काकू म्हणाली, "आमची पुतणीच हाय की त्या कंपनीत. ही काय आली बघ. कायबी बिघाड आसता तर हिनं आदी आमाला सांगितलं नसतं व्हय?"

मला गप्प बसता आलं असतं. पंधरा दिवस तेच करत होते. पण काकूनं माझ्याकडं बघून मान हलवली, साक्षीला, आणि मला ते सहन होईना.

"काकू, मला माहीत होतं."

तिला वाटलं मी दुसरंच काहीतरी बोलतेय. "काय म्हाईत व्हतं?"

सगळं सांगितलं. खाटेच्या दांडीला धरून, रडत, शेजारच्या बाईसमोर. मी किती सांगितलं, कसं ओरडले, लाईट कशी गेली, त्यांनी कसं ऐकलं नाही. काकू काकांच्या अंगावरची चादर नीट करत राहिली.

"मी सांगितलं होतं गं सगळ्यांना," मी म्हटलं. "मेल पाठवला होता, अकरा जणांना. पुण्याला, मुंबईला, सगळीकडं."

काकूनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"पुण्या-मुंबईला कळवलंस," ती म्हणाली. "आमचं घर तर दोन गल्ल्या सोडून हाय की गं."